मोबाइलवरील ध्वजांची जोडाक्षरे : येथे 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र नव्हे

मानपाडा नावाची दोन ठिकाणे ठाणे जिल्ह्यात प्रसिद्ध आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, तर दुसरे डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याच्या परिसरात. नुसते 'मानपाडा' म्हटले, तर कोणते, हा प्रश्न उरतोच. रस्त्यावरील रिक्षा मात्र त्याचे उत्तर देतात. ठाण्याच्या परिवहन कार्यालयात नोंदलेल्या रिक्षेवर 'एमएच ०४' असते आणि कल्याणच्या कार्यालयात नोंदलेल्या रिक्षेवर 'एमएच ०५'. ही अक्षरे आणि अंक स्वतःहून काही सांगत नाहीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर राज्यांना जी अक्षरे ठरवून देण्यात आली, त्या यादीमुळे 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र हा अर्थ लागतो. यादी बदलली, की अर्थही बदलतो.

मोबाइलवरील देशांचे ध्वज याच तत्त्वावर उभे आहेत. स्वातंत्र्यदिनी पाठविलेल्या शुभेच्छांतील तिरंगा हे प्रत्यक्षात चित्र नसते. तो दोन अक्षरांचा संकेत असतो आणि त्या अक्षरांचा अर्थ एका आंतरराष्ट्रीय यादीवरून लावला जातो. त्या यादीत भारत IN आहे. मात्र MH ही दोन अक्षरे त्याच पद्धतीने जोडली, तर पडद्यावर प्रशांत महासागरातील मार्शल बेटांचा ध्वज येतो. निळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी व पांढरा असे दोन तिरपे पट्टे आणि वरच्या कोपऱ्यात चोवीस टोकांचा पांढरा तारा, असे त्याचे रूप आहे. हे असे का होते, हे समजून घेतले की ध्वजांची सगळी रचना उलगडते.

दहा ध्वजांचा पेच

इमोजींचा जन्म जपानमधील मोबाइल कंपन्यांच्या सेवांत झाला. या कंपन्यांच्या चित्रसंचांत मोजके दहा ध्वज होते : जपान, दक्षिण कोरिया, चीन, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन आणि रशिया. जगातील सर्व लिप्यांतील अक्षरांना एकेक कायमचा क्रमांक देणारी व्यवस्था म्हणजे युनिकोड. देवनागरीचा 'क' जगातील कोणत्याही संगणकावर 'क' म्हणूनच ओळखला जातो, तो या व्यवस्थेमुळे. जपानी इमोजींना युनिकोडमध्ये स्थान देण्याचा प्रश्न आला, तेव्हा या दहा ध्वजांनी पेच निर्माण केला.

दहाच देशांना स्थान दिले, तर उरलेल्यांनी काय करायचे? आणि सर्वांना द्यायचे ठरवले, तर देश कोणता व कोणता नाही, हे अक्षरांचे क्रमांक ठरविणाऱ्या संस्थेने का ठरवावे? शिवाय युनिकोडचा एक कडक नियम आहे. एकदा दिलेला क्रमांक कधीही काढून घेतला जात नाही. देश मात्र विलीन होतात, फुटतात, नावे बदलतात आणि ध्वजही बदलतात. प्रत्येक ध्वजाला स्वतंत्र क्रमांक दिला असता, तर विसर्जित देशांचे ध्वज या यादीत कायमचे राहिले असते.

ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या युनिकोडच्या ६.० आवृत्तीने यावर मार्ग काढला. तिने देशांच्या ध्वजांना एकही क्रमांक दिला नाही. त्याऐवजी A पासून Z पर्यंत सव्वीस विशेष अक्षरे तयार केली. त्यांना 'रिजनल इंडिकेटर सिम्बॉल' म्हणजे प्रदेशदर्शक अक्षरे म्हणतात. यांतील दोन अक्षरे शेजारी ठेवली, की त्या जोडीचा अर्थ 'अमुक देशाचा ध्वज' असा घ्यायचा. कोणती जोडी कोणत्या देशाची, हे 'आयएसओ ३१६६' या आंतरराष्ट्रीय प्रमाणावरून ठरते. हे प्रमाण प्रथम १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. टपाल, बँका आणि संकेतस्थळांचे पत्ते यांत ते आधीपासूनच रुळलेले होते. अशा रीतीने युनिकोडने देश ठरविण्याची जबाबदारी आपल्या अंगावर घेतलीच नाही.

यासाठी नेहमीचीच इंग्रजी अक्षरे का वापरली नाहीत, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. नेहमीची अक्षरे वापरली असती, तर मोठ्या लिपीत छापलेल्या इंग्रजी मथळ्यातील प्रत्येक IN च्या जागी तिरंगा, NO च्या जागी नॉर्वेचा आणि IS च्या जागी आइसलँडचा ध्वज अवतरला असता. म्हणून दिसायला तीच, पण क्रमांकाने वेगळी अशी अक्षरे लागली.

तिरंगा कसा घडतो?

वापरणाऱ्याने कळफलकावर तिरंग्याला स्पर्श केला, की मोबाइल संदेशात दोन अक्षरे लिहितो :

```
I   U+1F1EE
N   U+1F1F3
```

हे क्रमांक काढण्याची रीत सोपी आहे. नेहमीच्या I चा क्रमांक ७३ आणि N चा ७८. दोन्हींत १२७३९७ मिळवले, की १२७४७० आणि १२७४७५ हे प्रदेशदर्शक अक्षरांचे क्रमांक मिळतात. वर दिले आहेत ते हेच क्रमांक, फक्त षोडशमान पद्धतीने लिहिलेले. सव्वीसही अक्षरे ओळीने क्रमांकित असल्याने हीच बेरीज प्रत्येक देशाला लागू पडते.

संदेश दुसऱ्या मोबाइलवर पोहोचतो तो या दोन क्रमांकांच्या रूपाने. तेथील फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या आकारांचा संच, शेजारी आलेली ही दोन अक्षरे पाहतो आणि त्यांच्या जागी एकच आकार मांडतो. मराठी वाचकाला ही क्रिया अनोळखी नाही. 'क', हलन्त आणि 'ष' अशी तीन चिन्हे एकामागून एक साठविली जातात आणि पडद्यावर 'क्ष' दिसतो. फॉन्टमध्ये जोडणीची सोय नसेल, तर 'क्' आणि 'ष' सुटे दिसतात. तिरंगा हेही असे एक जोडाक्षरच आहे.

ही तुलना आणखी एका बाबतीत उपयोगी पडते. 'क्ष' कसा वळणदार असावा, हे युनिकोड ठरवीत नाही. ते फॉन्ट बनविणारा ठरवतो. ध्वजाचेही तसेच आहे. काही संचांत तो सपाट आयत असतो, काहींत फडकताना दिसतो. भारतीय ध्वजसंहितेने लांबी-रुंदीचे प्रमाण ३ : २ ठरवून दिले आहे. मोबाइलवरील चित्र मात्र त्या त्या कंपनीच्या साच्यात बसविलेले असते आणि एवढ्या लहान आकारात अशोकचक्राचे चोवीस आरे दिसणे शक्यही नसते.

यातूनच एक विलक्षण परिणाम घडतो. मॉरिटानियाने २०१७ मध्ये सार्वमतानंतर आपल्या हिरव्या ध्वजाला वर व खाली लाल पट्टे जोडले. संदेशात साठविलेली अक्षरे मात्र पूर्वीचीच, MR, राहिली. त्यामुळे २०१६ मध्ये पाठविलेला मॉरिटानियाचा ध्वज आज नव्या मोबाइलवर उघडला, तर त्यात लाल पट्टे दिसतात. संदेश कोणीही बदललेला नसतो. बदललेले असते ते चित्र.

हलन्त नसलेले जोडाक्षर

देवनागरी जोडाक्षर आणि ध्वज यांत एक मोठा फरक आहे आणि बहुतेक घोटाळे त्यातूनच होतात. 'क्ष' मध्ये दोन व्यंजनांना बांधणारा हलन्त असतो, त्यामुळे कोण कोणाला जोडले आहे हे स्पष्ट असते. ध्वजाच्या दोन अक्षरांमध्ये असा कोणताही दुवा नाही. अनेक ध्वज ओळीने आले, तर कोणती दोन अक्षरे एकत्र घ्यायची, हे केवळ मोजणीने ठरते. ओळीच्या सुरुवातीपासून दोन-दोनच्या जोड्या पाडत जायचे, एवढाच नियम.

१५ ऑगस्टच्या संदेशात तीन तिरंगे सलग लिहिले, असे समजा. संदेशात साठविलेली अक्षरे अशी :

```
I N | I N | I N
```

मधल्या उभ्या रेघा येथे समजण्यासाठी दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या नसतात. आता एखाद्या सदोष प्रणालीने संदेश दुसरीकडे नेताना पहिला I गाळला, तर उरलेल्या पाच अक्षरांच्या जोड्या अशा पडतात :

```
N I | N I | N
```

NI हा निकाराग्वा या मध्य अमेरिकेतील देशाचा संकेत आहे. एक अक्षर हरवले आणि तीन तिरंग्यांच्या जागी निकाराग्वाचे दोन निळे-पांढरे ध्वज व शेवटी एक एकटा N उरला. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, अशी कुटुंबे भारत आणि अमेरिका यांचे ध्वज शेजारी लिहितात. त्या I, N, U, S या ओळीतील पहिला I गळाला, तर NU म्हणजे नियुए या प्रशांत महासागरातील छोट्या बेटाचा ध्वज दिसतो आणि S एकटा पडतो.

आजच्या मोबाइलवर हे सहसा घडत नाही, कारण खोडण्याची कळ एकदा दाबली, की जोडीतील दोन्ही अक्षरे एकदम जातात. पण हा शहाणपणा आपोआप आलेला नाही. मजकुरात एक 'अक्षर' कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते, याचे नियम युनिकोडने ठरविले आहेत. सुरुवातीच्या नियमानुसार सलग आलेली प्रदेशदर्शक अक्षरे, ती कितीही असली तरी, एकच गट मानली जात. त्यामुळे दोन ध्वजांच्या मध्ये कर्सर नेणेही अवघड होते. दोन-दोनच्या जोड्या पाडण्याचा नियम २०१६ मधील ९.० आवृत्तीने आणला. जुन्या नियमांवर चालणारा किंवा अक्षरे नुसती मोजून मजकूर कापणारा प्रोग्रॅम आजही जोडी फोडू शकतो.

लघुसंदेशाचा हिशेब

या रचनेचा खर्चाशीही संबंध आहे. मोबाइलच्या साध्या लघुसंदेशात, म्हणजे एसएमएसमध्ये, केवळ इंग्रजी मजकूर असेल तर १६० अक्षरे मावतात. त्यात या मर्यादित संचाबाहेरचे एकही चिन्ह आले, तर संपूर्ण संदेश दुसऱ्या पद्धतीने साठवावा लागतो आणि मर्यादा ७० वर येते. मराठी संदेशाला ७० ची मर्यादा असते, ती याच कारणाने. ध्वजाचे प्रत्येक प्रदेशदर्शक अक्षर या पद्धतीत दोन जागा घेते. म्हणजे एक तिरंगा चार जागा अडवतो.

मानपाड्यातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेने ध्वजवंदनाची वेळ कळविणारा १५० अक्षरांचा इंग्रजी संदेश तयार केला, असे धरू. तो एका लघुसंदेशात बसतो. शोभेसाठी शेवटी एक तिरंगा जोडला, की एकूण जागा १५४ होतात आणि मर्यादा ७० ची लागू होते. लांब संदेशाचे तुकडे करताना जोडणीच्या माहितीसाठी काही जागा राखावी लागते, म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७ च जागा मिळतात. दोन तुकड्यांत १३४ मावतात, त्यामुळे तिसरा तुकडा लागतो. घाऊक संदेशांची आकारणी तुकड्यांवर होत असेल, तर एका तिरंग्यापायी खर्च तिप्पट होतो. इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशांना हा हिशेब लागू नाही.

दोष कसा ओळखावा?

ध्वज दिसायला हवा तेथे काही वेगळेच दिसले, तर त्या दिसण्यावरूनच कारण बहुधा ओळखता येते. दोन इंग्रजी अक्षरे शेजारी दिसली, तर जोडी शाबूत आहे, पण समोरच्या फॉन्टमध्ये त्या ध्वजाचे चित्र नाही. विंडोज संगणकांवर हा अनुभव हमखास येतो, कारण विंडोजच्या स्वतःच्या इमोजी फॉन्टमध्ये देशांचे ध्वज दिलेले नाहीत. जो प्रोग्रॅम वा जे संकेतस्थळ स्वतःची चित्रे पुरविते, तेथे ध्वज दिसतो. इतरत्र तिरंग्याच्या जागी IN एवढेच उमटते.

ध्वजांच्या ओळीच्या टोकाला एकच अक्षर उरले असेल, तर जोडी कोठेतरी फुटली आहे आणि त्याआधीचे ध्वजही तपासून पाहावेत. चौकटीतील प्रश्नचिन्हासारखी खूण आली, तर एका अक्षराच्या आतच काप गेला असण्याचा संभव अधिक. रिकामा चौकोन दिसला, तर त्या जुन्या फॉन्टला ही अक्षरे मुळातच ठाऊक नाहीत.

पाचवा दोष सर्वांत फसवा, कारण त्यात सर्व काही व्यवस्थित दिसते. ध्वज स्वच्छ उमटतो, पण तो भलत्याच देशाचा असतो. येथे 'एमएच'चा प्रश्न पुन्हा समोर येतो.

एकच अक्षरे, दोन याद्या

इंग्रजीची सव्वीस अक्षरे दोन-दोन घेऊन जोडली, तर ६७६ जोड्या होतात. 'आयएसओ ३१६६' मध्ये त्यांतील २४९ देशांना व प्रदेशांना अधिकृतपणे दिलेल्या आहेत. भारतातील वाहनांवरील राज्यांची अक्षरेही दोनच असल्याने टक्कर अटळ होती. गोव्याचे GA आंतरराष्ट्रीय यादीत गॅबॉनचे आहे, बिहारचे BR ब्राझीलचे, तमिळनाडूचे TN ट्युनिशियाचे, चंडीगडचे CH स्वित्झर्लंडचे. मध्य प्रदेशाचे MP उत्तर मारियाना बेटांकडे गेले आहे. कर्नाटकाचे KA तेथे कोणालाच दिलेले नाही, त्यामुळे ती जोडी लिहिली तर ध्वज न येता सुटी अक्षरे दिसतात.

अशा प्रकारची चूक हाताने करणे कठीण आहे, कारण कळफलकावर ध्वज निवडूनच घ्यावा लागतो. ती प्रोग्रॅममध्ये होते. वाहनांच्या किंवा ग्राहकांच्या यादीत राज्याच्या रकान्यात MH लिहिलेले असते आणि दोन अक्षरांचा ध्वज बनविणारी वर दिलेली बेरीज प्रोग्रॅम तेथे डोळे झाकून चालवितो. बेरीज बरोबर असते, मिळणारी अक्षरे बरोबर असतात, त्यांचे चित्रही बरोबर उमटते. चुकलेली असते ती यादी. म्हणून अशा नोंदींत संकेत कोणत्या यादीतला आहे, हे त्याच्यासोबत साठविणे आवश्यक ठरते आणि राज्याचा संकेत देशाच्या रकान्यात कधीही जाऊ देऊ नये.

मग महाराष्ट्रासाठी संकेत नाहीच का? आहे. देशांतर्गत विभागांसाठी याच प्रमाणाचा दुसरा भाग आहे आणि त्यात महाराष्ट्र IN-MH असा नोंदलेला आहे. देशाचे नाव पुढे असल्याने तेथे मार्शल बेटांशी गोंधळ होत नाही. अशा विभागांचे ध्वज दाखविण्याची वेगळी रीतही युनिकोडमध्ये आहे. आधी काळ्या झेंड्याचे चिन्ह, मग विभागाची अक्षरे दर्शविणारी अदृश्य चिन्हे आणि शेवटी समाप्तीचे चिन्ह. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांचे ध्वज २०१७ मध्ये याच रीतीने आले. मात्र सर्वसाधारण वापरासाठी शिफारस झालेले विभाग एवढे तीनच आहेत. inmh ही अक्षरे घालून अशी ओळ तयार केली, तर ती नियमाला धरून असते, पण मोबाइलवर नुसता काळा झेंडा दिसतो. महाराष्ट्र राज्याला स्वतःचा अधिकृत ध्वज नसल्याने तेथे कोणते चित्र दाखवायचे, हाही प्रश्न उरतोच.

ही यादी यापुढे कशी वाढणार, हेही आता ठरून गेले आहे. ध्वजांसाठी नवे प्रस्ताव स्वीकारले जाणार नाहीत, असे युनिकोडने २०२२ मध्ये जाहीर केले. 'आयएसओ'च्या यादीत नवा देश आला, तर मात्र त्याचा ध्वज प्रस्तावाशिवाय मान्य होतो, कारण त्याची दोन अक्षरे २०१० पासून तयारच आहेत. २०२४ मधील १६.० आवृत्तीत इंग्लिश खाडीतील सार्क या लहानशा बेटाचा ध्वज आला, तो त्याला CQ हा राखीव संकेत मिळाल्यामुळे. त्यासाठी युनिकोडला एकही नवे अक्षर घडवावे लागले नाही. फॉन्ट बनविणाऱ्यांनी एक चित्र काढले आणि C व Q या जुन्याच अक्षरांना नवा अर्थ मिळाला.